बिल्डरला लिहिलेले पत्र

परंड्याहून पुण्याकडे पोटासाठी गेलेल्या आपल्या माणसांची संख्या आता मोठी आहे. कुणी भोसरीच्या कारखान्यात, कुणी रुग्णालयात सफाई कामावर, कुणी रिक्षा चालवतो. पंधरा-वीस वर्षे भाड्याच्या खोलीत काढली की मनात येते, आपले दोन खोल्यांचे का होईना घर असावे. मग कर्ज निघते, गावाकडचा फंड-ग्रॅच्युइटीचा पैसा जातो आणि इमारत मात्र अर्ध्यावर उभी राहते. अशा घरांचे काय करायचे, हे आमच्या वस्तीतली चार-पाच माणसे गेल्या वर्षभरात विचारून गेली. आम्ही एक पत्र लिहिले होते, ते कसे लिहिले हे सर्वांना सांगावे म्हणून हा प्रपंच.

आमचे घर पिंपरी-चिंचवडच्या कडेला, सातमजली इमारतीत चौथ्या मजल्यावर. किंमत 24 लाख. वडील एस.टी.तून निवृत्त झाले तेव्हा आलेली रक्कम, थोडे दागिने आणि बाकी बँकेचे कर्ज. करारनामा 22 ऑक्टोबर 2021 रोजी नोंदवला. त्यात ताब्याची तारीख लिहिली होती 30 जून 2023. ती तारीख उलटली तेव्हा आमचे 80 टक्के पैसे, म्हणजे 19 लाख 20 हजार रुपये, बिल्डरकडे जमा होते. बँकेचा हप्ताही चालू आणि खोलीचे भाडेही चालू. महिन्याच्या सात तारखेनंतर घरात भाजी बेताचीच यायची.

पुढचे एक वर्ष आम्ही बिल्डरच्या ऑफिसात खेटे घातले. तिथली मुलगी चहा द्यायची, ‘सर साईटवर आहेत’ म्हणायची. सर भेटले की म्हणायचे, ‘दिवाळीपर्यंत देऊन टाकू.’ दिवाळी झाली की गुढीपाडवा. फोनवरच्या या वायद्यांचा कागद कुठेच नव्हता. उद्या कोणी विचारले की तुम्ही वर्षभर काय केलेत, तर दाखवायला आमच्याकडे फक्त रिक्षाची भाडी.

2024 च्या मे महिन्यात आम्ही परंड्याला गेलो. आमचे थोरले दाजी तहसील कचेरीबाहेर तीस वर्षे अर्ज लिहीत आले आहेत. सातबाऱ्यापासून निराधार पेन्शनपर्यंत त्यांच्या हातचे कागद तालुकाभर फिरतात. त्यांच्यापुढे आम्ही करारनाम्याची जाड वही ठेवली. ती सगळी इंग्रजीत. भाचीने वाचायला घेतली, दाजी ऐकत बसले.

‘तुमी आजपातूर त्याला काय इचारलं?’ दाजींनी विचारले.

‘घर कधी देता म्हणून.’

‘मग तो सांगतोय की, लवकरच! तुमी सवालच असा केलाय की त्याला जबाब द्यायला काई अडचण नाई. त्यानं ज्या कागदावर सही केलीय, तो त्याच्यापुढं ठिवा.’

त्या रात्री भाचीने करारातली तीन कलमे काढून दिली. महाराष्ट्रात रेरा कायद्याचे नियम 2017 मध्ये आले आणि त्यांच्याबरोबर करारनाम्याचा एक नमुनाही आला. बहुतेक बिल्डरांचे करार त्याच नमुन्यावरून उतरवलेले असतात, त्यामुळे वाचकांच्या करारातही ही कलमे याच आकड्यांखाली किंवा आसपास सापडतील.

पहिले कलम 6. त्यात ताब्याची तारीख असते आणि त्याखाली एक ‘परंतु’ असतो. युद्ध, दंगल, दैवी आपत्ती किंवा सरकारचा अगर न्यायालयाचा हुकूम यामुळे काम थांबले, तरच बिल्डरला वाजवी मुदतवाढ मिळते. मजूर मिळाले नाहीत, सिमेंट महागले, फ्लॅट खपले नाहीत, ही कारणे त्यात नाहीत. आमचा बिल्डर तोंडाने सारखा कोरोनाचे नाव घेत असे. पण आमचा करार ऑक्टोबर 2021 मधला. टाळेबंदी, दुसरी लाट, सगळे होऊन गेल्यावर त्याने स्वतः विचार करून 30 जून 2023 ही तारीख लिहिली होती. जे संकट तारीख लिहिण्याआधी येऊन गेले, ते त्या तारखेला आडवे येत नाही. ज्यांचे करार 2020 च्या आधीचे आहेत त्यांची गोष्ट वेगळी. महारेराने कोरोनाच्या काळात अनेक प्रकल्पांना मुदत वाढवून दिली होती, तेवढे महिने हिशेबातून वजा होऊ शकतात.

दुसरे कलम 4.1. ठरल्या वेळी घर दिले नाही आणि घर घेणारा व्यवहार सोडू इच्छित नसेल, तर त्याने भरलेल्या सर्व रकमेवर, उशीर झालेल्या प्रत्येक महिन्याचे व्याज ताबा देईपर्यंत द्यायचे. हे बिल्डरने आपल्याच सहीने कबूल केलेले असते. कायद्याच्या कलम 18 मध्येही तेच आहे. ज्याला घरच नको झाले असेल त्याने सगळे पैसे व्याजासह परत मागावेत, असा दुसरा रस्ताही त्याच कलमात आहे. दोन्हीपैकी कोणता धरायचा हे बिल्डर ठरवत नाही, आपण ठरवायचे. आम्हाला घर हवे होते. त्या पैशात 2024 साली त्या भागात दुसरे घर मिळाले नसते.

तिसरे कलम 7.1. भोगवटा प्रमाणपत्र आल्यानंतर बिल्डरने लेखी कळवून ताबा द्यायचा. हे कलम आमच्या दृष्टीने सर्वात मोलाचे ठरले, कारण मधल्या काळात त्याने आम्हाला गळ घातली होती की, ‘चावी घ्या, फर्निचर करून घ्या, राहायलाही या.’ पुष्कळ लोक भाड्याला कंटाळून हे मान्य करतात. पण महापालिकेने ही इमारत राहण्यालायक आहे असा दाखला दिलेला नसतो. नळजोडणी पक्की नसते, लिफ्टचा परवाना नसतो. आणि चावी घेतल्याच्या पावतीवर सही झाली की बिल्डर म्हणतो, ताबा दिला, आता कसले व्याज? म्हणून पत्रात नुसता ‘ताबा’ शब्द लिहून चालत नाही. ‘भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा’ असे लिहावे लागते.

व्याजाचा दर नियमात बांधून दिला आहे. स्टेट बँकेचा कर्जाचा जो सर्वात वरचा एम.सी.एल.आर. दर असेल, त्यात दोन टक्के मिळवायचे. हा दर वरखाली होतो. समजायला सोपे जावे म्हणून दाजींनी दहा टक्के धरून मांडून दाखवले. 19 लाख 20 हजारांवर वर्षाचे 1 लाख 92 हजार, म्हणजे महिन्याचे 16 हजार. आम्ही खोलीचे भाडे देत होतो साडेसात हजार. दुप्पट रक्कम दर महिन्याला आमची त्याच्याकडे साचत होती आणि आम्ही मात्र त्याच्या ऑफिसात हात जोडून उभे राहत होतो! आकडा कागदावर आल्यावर आमची आई म्हणाली, ‘मंग त्येनं आपल्याकडं यायला पायजे.’

आता पत्र. दाजींनी मराठीतच लिहिले आणि करारातली इंग्रजी वाक्ये त्यात जशीच्या तशी उतरवली. त्यांचा आग्रह होता की पत्रात रडगाणे नको. वडिलांचे आजारपण, मुलीची दहावी, बँकेचा तगादा, हे सगळे आम्हाला लिहायचे होते. दाजी म्हणाले, ‘ते खरंय. पर त्या ओळींवर त्याला जबाब द्यावा लागत नाई. ज्या ओळीवर जबाब द्यावा लागंल तेवढीच ल्याहा.’ पत्राचा मुख्य भाग असा होता :

‘महोदय, आपल्या प्रकल्पातील सदनिकेचा करारनामा दि. 22 ऑक्टोबर 2021 रोजी नोंदविलेला आहे. कलम 6 नुसार ताब्याची तारीख 30 जून 2023 होती. आज दि. 5 जुलै 2024 रोजी एक वर्ष उलटूनही भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा मिळालेला नाही. आम्ही आपल्या मागणीपत्रांप्रमाणे रु. 19,20,000 भरलेले असून पावत्यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. कलम 6 मधील मुदतवाढीच्या कारणांपैकी कोणते कारण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत घडले, हे आपण आजवर कळविलेले नाही. आम्ही व्यवहारातून बाहेर पडत नाही. तथापि पैसे परत मागण्याचा आमचा हक्क आम्ही सोडलेला नाही. कलम 4.1 नुसार 1 जुलै 2023 पासून दरमहा व्याज देय आहे.

तरी हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत आपण कंपनीच्या लेटरहेडवर, अधिकृत सहीने पुढील गोष्टी कळवाव्यात. एक, भोगवटा प्रमाणपत्रासाठी महापालिकेकडे अर्ज केला असल्यास त्याची तारीख व प्रत. केला नसल्यास कोणते काम बाकी आहे. दोन, भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देण्याची निश्चित तारीख – दिवस, महिना व वर्ष. तीन, आजवरचे व्याज कधी व कसे देणार. उत्तर न आल्यास आम्ही महारेराकडे तक्रार दाखल करू.’

‘दिवस, महिना व वर्ष’ हे शब्द दाजींनी मुद्दाम घातले. नाहीतर उत्तर येते ‘पुढील तिमाहीत’, ‘काम पूर्ण होताच’. तसेच बाकी काम विचारण्यामागेही हेतू होता. नुसती तारीख कोणीही फेकतो. पण अग्निशमन दलाचा दाखला बाकी आहे, लिफ्ट बसायची आहे, असे लेखी आले की ती तारीख खरी की पोकळ हे साईटवर जाऊन डोळ्यांनी पाहता येते.

पाठवण्याआधी एक गाठ सोडवायची होती. बिल्डरने 85 टक्क्यांच्या हप्त्याची मागणी केली होती. नमुन्याप्रमाणे हा टप्पा बाहेरचे प्लास्टर, बाहेरची नळजोडणी आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग झाल्यावर येतो. आमच्या इमारतीच्या मागच्या बाजूला विटा उघड्या दिसत होत्या. आम्ही हप्ता थांबवला होता, पण का थांबवला हे लेखी कळवले नव्हते. असे गप्प राहिले की बिल्डर उलट म्हणू शकतो, यांनीच पैसे थकवले म्हणून उशीर झाला. आणि थकलेल्या हप्त्यावर आपल्यालाही त्याच दराने व्याज लागते. म्हणून पत्रात एक परिच्छेद वाढवला : हा टप्पा पूर्ण झाल्याचा आर्किटेक्टचा दाखला पाठवावा, मिळाल्यापासून सात दिवसांत रक्कम भरू. मागच्या भिंतीचा फोटो, काढल्याची तारीख लिहून, सोबत लावला.

पत्र रजिस्टर्ड ए.डी.ने गेले आणि त्याच दिवशी करारात दिलेल्या ईमेलवरही गेले, कारण नोटीस याच मार्गाने द्यायची असे करारातच लिहिलेले असते. व्हॉट्सॲपवर पाठवून समाधान मानू नये. (2025 मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन केली. आता पाठवणाऱ्यांनी स्पीड पोस्टाने पाठवून पोचल्याचा पुरावा मागून घ्यावा.) गुलाबी पोचपावती परत आली, ती आईने पिठाच्या डब्याखाली जपून ठेवली.

तेराव्या दिवशी उत्तर आले. वर्षभर जो माणूस भेटत नव्हता त्याने दोन पानी पत्र पाठवले. त्यात लिहिले होते की महारेराने प्रकल्पाची मुदत 31 डिसेंबर 2025 पर्यंत वाढवली आहे, त्यामुळे उशीर झालेलाच नाही. तरीही आपुलकीपोटी 31 मार्च 2025 पर्यंत भोगवटा प्रमाणपत्रासह ताबा देऊ. त्यासाठी सोबतच्या सहमतीपत्रावर सही करून पाठवावी. सहमतीपत्रात तिसऱ्या ओळीत होते, की नवी तारीख आम्हाला मान्य असून मागील उशिराबद्दल आमची काही मागणी नाही.

वेबसाईटवर खरोखरच ती नवी तारीख होती. इथे बरेच लोक खचतात. सरकारनेच मुदत दिली, आता काय बोलणार? पण ती मुदत प्रकल्पाच्या नोंदणीची असते. आमच्याशी केलेल्या करारातली तारीख तिने पुसली जात नाही. याबाबत मुंबई उच्च न्यायालयाचा 6 डिसेंबर 2017 चा निकाल आहे, नीलकमल रिअल्टर्स या प्रकरणातला. कायदा नवा आला तेव्हा अनेक बिल्डरांनी त्याला आव्हान दिले होते. न्यायालयाने कायदा कायम ठेवला. चालू प्रकल्पांबाबत न्यायालयाने म्हटले की नोंदणी करताना बिल्डरला नवी तारीख देण्याची सोय आहे, पण कलम 18 चा उशीर आधीच्या करारातल्या तारखेपासूनच मोजायचा. तो मुद्दा जुन्या करारांचा होता. आमचा करार नोंदणीनंतरचा, तरी तत्त्व आमच्या बाजूचे होते. आणि ज्यांच्या करारात तारीखच कोरी ठेवली आहे, त्यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2018 चा फॉर्च्युन इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणातला निकाल आहे. तारीख नसेल तर तीन वर्षे ही वाजवी मुदत धरता येईल, माणसाला अंतहीन वाट पाहायला लावता येत नाही, असे त्यात आहे.

दुसरे पत्र चार ओळींचे झाले. आपण दिलेली 31 मार्च 2025 ही तारीख आम्ही नोंदवून घेतली आहे. ती आपली हमी आहे, करारातील तारखेत बदल नव्हे. सहमतीपत्र आम्ही सहीविना परत करीत आहोत. व्याजाचा प्रश्न खुला आहे.

आमच्या मजल्यावरच्या तीन कुटुंबांनी सहमतीपत्रावर सही केली होती. त्यांना कोणी नावे ठेवू नयेत. ‘सही नाही केली तर घर शेवटी मिळेल’ असे त्यांना सांगण्यात आले होते. प्रत्यक्षात भोगवटा प्रमाणपत्र एका घराला नव्हे, इमारतीला मिळते. ते आले तेव्हा सगळ्यांना एकदमच आले.

मात्र ते 31 मार्चला आले नाही. फेब्रुवारीत आम्ही साईटवर गेलो तेव्हा लिफ्टच्या खड्ड्यात पाणी साचलेले होते, तेव्हाच अंदाज आला. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात महारेराकडे ऑनलाईन तक्रार भरली, फी पाच हजार रुपये. तक्रारीला जोडायचे कागद शोधावे लागले नाहीत. करार, पावत्या, आमचे पत्र, पोचपावती, त्याचे उत्तर. त्याच्याच लेटरहेडवरची, त्याच्याच सहीची तारीख चुकलेली होती. कोरोना, मजूर, बँक यांपैकी कोणतेही कारण त्या उत्तरात त्याने लिहिलेले नव्हते. पुढे ते काढले तर त्या दिवशी का नाही सांगितले, हा प्रश्न येणारच.

हे सगळे वाचून कोणी लगेच पैसे हातात पडतील असे समजू नये. महारेराच्या सुनावणीला महिनोन् महिने लागतात. आदेश झाला तरी बिल्डर पैसे देईलच असे नाही. न दिल्यास वसुलीचे वॉरंट जिल्हाधिकाऱ्यांकडे जाते आणि जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली होते. तीही रेंगाळते, बिल्डरच्या नावावर जप्त करण्यासारखे काही उरलेच नसेल तर आदेश कागदावर राहतो. म्हणून इमारतीचे काम चालू आहे की बंद पडले आहे हे आधी बघावे. काम चालू असेल तर घर आणि व्याज मागण्यात अर्थ आहे. सहा-सहा महिने वॉचमनशिवाय साईटवर कोणी दिसत नसेल, तर पैसे परत मागण्याचा विचार लवकर करावा आणि इतर घरमालकांना बरोबर घ्यावे.

आमच्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र ऑगस्ट 2025 च्या अखेरीस आले. 1 जुलै 2023 पासून मोजले तर 26 महिने. दाजींच्या दहा टक्क्यांच्या हिशेबाने 4 लाख 16 हजार, शेवटच्या हप्त्यांचा हिशेब वेगळा. ताबा घ्यायला गेलो तेव्हा छापील ताबा-पावतीवर ‘आमची कोणतीही तक्रार वा मागणी शिल्लक नाही’ असे वाक्य होते. आम्ही ते रेघ मारून खोडले, बाजूला दोघांनी सह्या केल्या आणि खाली हाताने लिहिले : ‘उशिराच्या व्याजाचा हक्क व महारेरातील तक्रार कायम ठेवून ताबा घेतला.’ ऑफिसातल्या मुलीने ते सरांना दाखवले. सर थोडा वेळ कागदाकडे पाहत राहिले, मग त्यांनीही सही केली आणि आम्ही त्याची एक प्रत तिथेच झेरॉक्स करून मागितली. तक्रारीत आता तीही जोडली आहे.